वीस लिटर स्टॉक आणि अकराचा फोन

रात्री अकराला किचन आवरत आलेलं असे आणि तेव्हा घरी सकाळ झालेली असे. साडेअकरापर्यंत फोन केला तरच आई भेटायची, नंतर ती कामाला निघून जायची. परदेशातल्या पहिल्या महिन्यात माझा सगळा दिवस त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून जायचा. पहिली मोठी चूकही त्याच अर्ध्या तासात झाली.

माझ्याकडे स्टॉकचं, म्हणजे हाडं मंद आचेवर शिजवून काढलेल्या रसाचं काम होतं. दहा किलो कोंबडीची हाडं, ती बुडून वर चार बोटं राहील इतकं गार पाणी आणि मंद आच. गरम पाणी घातलं की हाडातलं प्रथिन एकदम गोठून बारीक कणांत पसरतं आणि स्टॉक गढूळ होतो. गार पाण्यापासून सुरुवात केली तर तेच हळूहळू फेसाच्या रूपात वर येतं आणि पळीने काढून टाकता येतं. खळखळून उकळू द्यायचं नाही, एखाददुसरा बुडबुडा वर येत राहावा एवढंच. हे मला नीट जमत होतं.

जमत नव्हतं ते स्टॉक थंड करणं. आमच्या छोट्या गावात मी पाच लिटरच्या पातेल्यात काम केलेलं. ते ओट्यावर ठेवून निवलं की आत ठेवायचं, कधी बिघडलं नाही. इथे मी गाळलेला वीस लिटर स्टॉक उंच भांड्यात तसाच वॉक-इन फ्रिजमध्ये सरकवला, वर झाकण घातलं आणि फोनकडे धावलो.

सकाळी झाकण काढलं तेव्हा वर चरबीचा जाड थर होता आणि कडेला बारीक बुडबुडे. थराखाली बोट घातलं तर कोमट लागलं. वासात हलकी आंबट झाक होती. शेफनी प्रोब थर्मामीटर मधोमध बुडवला आणि आकडा मला दाखवला : 31. रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही भांड्याचा गाभा उबदारच होता. उष्णता फक्त पृष्ठभागातून बाहेर पडते, उंच भांड्यात गाभा तिथून लांब असतो आणि वरची चरबी गोधडीसारखी ती धरून ठेवते. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि त्यांतून उगवलेले जिवाणू साधारण 43 ते 47 अंशांत फार वेगाने वाढतात. पुन्हा उकळला तर चालेल का, असं मी विचारलं. शेफ म्हणाले, "काही विषं उकळूनही जात नाहीत." सगळा स्टॉक ओतून दिला. त्या दिवशी मी कुणाशी फारसं बोललो नाही, फोनवरही नाही.

नियम असा होता : 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत आणि 21 वरून 5 वर पुढच्या चार तासांत. शेफनी दाखवलेली युक्ती मी आजही वापरतो. गाळून, चरबी काढून घेतलेला वीस लिटर स्टॉक आटवून चौदा लिटर करायचा आणि मग त्यात पिण्याच्या पाण्याचा सहा किलो बर्फ घालायचा. चव आणि माप पहिल्यासारखंच राहतं, आणि साधारण 95 अंशांचा स्टॉक काही मिनिटांत 42-43 वर येतो, कारण वितळताना बर्फ खूप उष्णता ओढून घेतो. पण हा टप्पा सर्वात धोक्याचा, इथे थांबायचं नाही. लगेच चार उथळ स्टीलच्या भांड्यांत वाटून, सिंकमध्ये बर्फ आणि पाणी घालून त्यात ठेवायची. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या स्टॉकइतकी हवी, नाहीतर वरचा भाग गरम राहतो. दर पाच मिनिटांनी ढवळायचं. नुसता बर्फ नको, सोबत पाणी लागतंच, कारण पाण्याशिवाय बर्फ भांड्याला जागोजागीच टेकतो. 21 अंश झाले की झाकण न लावता फ्रिजमध्ये, आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकण.

एवढं सगळं रात्री करायला बसलो तर अकराचा फोन कायमचा गेला असता. मी शेफना विचारलं, "स्टॉक दुपारीच आटोपला तर?" त्यांनी होकार दिला. मग मी सकाळी आठला हाडं चढवू लागलो. दोनपर्यंत गाळून, आटवून बर्फ पडलेला असे. पावणेतीनच्या सुमाराला तक्त्यावर 21 लिहायचो आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी बहुतेक दिवशी 5.

सुरुवातीच्या आठवड्यांत पाच वाजता पोटात खड्डा पडायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्या वेळी मी थर्मामीटर घेऊन फ्रिजमध्ये जायचो, चारही भांड्यांचा गाभा तपासायचो आणि तक्त्यावर वेळेसकट लिहायचो. रात्री अकराला ओटा पुसून झालेला असे आणि फ्रिजमध्ये गरम असं काही नसे. मी फोन लावायचो, तर तिकडून चुलीजवळच्या भांड्यांचा आवाज आणि आईचा पहिला प्रश्न : "जेवलास का?"