आमची वाटचाल : रेडिएटर, गाडी आणि दरकरार

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर बनतात. पॅनेलचं वेल्डिंग, हवेच्या दाबाची चाचणी, रंग, सगळं आमच्या देखत होतं. पण माल फाटकाबाहेर पडला की आमची अब्रू गाडीवाल्याच्या हातात असते.

आमचा माल सुरुवातीपासून एकाच ट्रान्सपोर्टरकडे. त्यांना कारखान्यात सगळे नुसतं भाई म्हणतात. रेडिएटर बांधायला भाईंच्या गाडीत दोर कधी दिसला नाही. रॅचेटचे पट्टे, पट्ट्याखाली रबराचे तुकडे, दोन रेडिएटरमध्ये लाकडी दांडकी. दोर गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो आणि पॅनेलच्या कडेवर करवतीसारखा घासतो. माल भरायला आमची पोरं असली तरी पट्टा शेवटी भाई स्वतः ओढून बघायचे.

मधली वर्षं बरी गेली. मग पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं ऑर्डरमध्येच अट घातली की भाडं आम्ही द्यायचं, पण माल त्यांच्या यादीतल्या ट्रान्सपोर्टरनंच पाठवायचा. आम्ही अख्खी गाडी बुक केली, पैसेही अख्ख्या गाडीचे दिले. त्यानं वाटेत माल उतरवून दुसऱ्याच्या कास्टिंगसोबत दुसऱ्या गाडीत चढवला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचायचा माल पाचव्या दिवशी पोचला. पॅनेलच्या कडा दोरानं कापल्या होत्या, फ्लँजवरची झाकणं निघाली होती. ट्रान्सपोर्टरच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, गाडीचा नंबर एक, गिऱ्हाइकाच्या गेटवरच्या नोंदीत दुसरा, ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्येही नंबर बदललेला. एवढा पुरावा असूनही गिऱ्हाइकानं माल नाकारला, उशिराचा दंड कापला आणि मागची बिलंही अडवली. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा संपली, पगार लांबले. त्यांच्या माणसाची चूक, भुर्दंड आमच्यावर. ही सल अजून गेलेली नाही.

त्या ट्रान्सपोर्टरकडे भरपाई मागायला गेलो तर रस्ता वाहतूक कायदा 2007 आणि त्याखालचे नियम समोर आले. जास्त किंमत आधी जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. भाडं 22,000, म्हणजे मर्यादा 2,20,000, आणि माल त्याच्या चौपट किमतीचा. नवख्या कारखानदारांना सांगतो, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस पोचली नाही तर दावाच उभा राहत नाही. फोनवरच्या गोडबोल्या आश्वासनांवर थांबू नका.

त्या महिन्यात भाईंनीच उधारीवर गाड्या दिल्या. म्हणून यंदा 31 मार्चला संपणाऱ्या करारासाठी दुसरीकडे दर मागवले नाहीत, भाईंनाच नूतनीकरणाचं पत्र लिहिलं. पण नातं वेगळं, कागद वेगळा.

भाईंनी सरसकट 10 टक्के वाढ मागितली होती, म्हणजे पुण्याच्या गाडीला 24,200. आम्ही हिशोब मांडला. आमच्या करारात भाड्यातला डिझेलचा वाटा 40 टक्के धरलेला आहे. मागच्या कराराच्या तारखेपासून डिझेल 5 टक्के चढलं, म्हणून भाड्यात 2 टक्के, म्हणजे 440 रुपये. टोल आणि ड्रायव्हरच्या भत्त्याचे 700 वेगळे धरले. नवा दर 23,140. पुढे डिझेल 3 टक्क्यांहून जास्त हललं, तरच पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून याच सूत्रानं दर वर किंवा खाली. उतरलं तर उतरायचं, हेही पत्रात स्पष्ट लिहिलंय.

अटींमध्ये पहिली अट, वाटेत माल बदली करायचा नाही. गाडी बिघडली तर आधी आम्हाला फोन, मगच माल हलवायचा. विचारल्याशिवाय बदली केली तर त्या फेरीचं भाडं मिळणार नाही. बुकिंगनंतर 24 तासांत गाडी दारात, पुण्याला तिसऱ्या दिवशी सकाळी माल, उशीर झाल्यास दिवसाला भाड्याच्या 1 टक्का कपात, जास्तीत जास्त 5 टक्के. बंद पडलेला घाट किंवा गिऱ्हाइकाचं बंद गेट यात मोजायचं नाही.

एकतर्फी करार टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे. म्हणून आमच्याकडूनही लिहून दिलंय, पुण्याच्या फेऱ्यांपैकी 70 टक्के भाईंनाच, सही-शिक्क्याची पोच मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे, आणि गिऱ्हाइकाच्या गेटवर गाडी 24 तासांपेक्षा जास्त अडकली तर दिवसाचे 1,500 रुपये आम्ही देणार.

भाईंनी दर मान्य केलाय. अडलंय ते एवढ्यावरच की गेटवरचे 24 तास कधीपासून मोजायचे. ते म्हणतात, गाडी रांगेत लागल्यापासून. आम्ही म्हणतो, गेटवरच्या नोंदीपासून. रांगेत उभ्या गाडीचा वेळेसह फोटो ड्रायव्हरनं पाठवला तर तोच धरायचा, असं परवा सुचवलंय.