चार रेझिस्टरांची जुळणी: लोड सेलचा अँप्लिफायर बसवताना आलेला अनुभव

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या काट्यासाठी २० किलोचा लोड सेल आणि तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर, एवढंच काम होतं. सेलला ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला तो १० मिलिव्होल्ट देतो. पण त्याच्या दोन्ही सिग्नल तारा ग्राउंडपासून २.५ व्होल्टवर असतात. शिवाय केबल मोटरच्या पॅनेलजवळून जात असल्यामुळे दोन्ही तारांवर अर्धा व्होल्ट शिखराची ५० हर्ट्झची गुणगुण होती. वाढवायचे ते १० मिलिव्होल्ट, आणि दोन्ही तारांवर सारखं असलेलं बाकी सगळं गाळायचं.

ऑप-अँप ओपी-०७, सप्लाय ±१२ व्होल्ट. पहिल्या दोन ऑप-अँपचे फीडबॅक रेझिस्टर १० किलोओहमचे आणि मधला RG २०० ओहम:

```
G = 1 + 2R/RG = 1 + 20000/200 = 101
```

म्हणजे १० मिलिव्होल्टचा जवळपास १ व्होल्ट होतो. दोन्ही इनपुटवर सारखंच व्होल्टेज असेल तर RG च्या दोन्ही टोकांना तेच येतं, त्यातून करंट वाहत नाही, आणि हे दोन्हीकडे सारखं असलेलं व्होल्टेज, म्हणजेच कॉमन-मोड, १ च्याच गेनने पुढे जातं. म्हणून या टप्प्यातले रेझिस्टर एक टक्क्याने चुकले तरी फक्त गेन थोडा हलतो. कॉमन-मोड गाळण्याचं खरं काम तिसऱ्या ऑप-अँपभोवतीचे चार रेझिस्टर करतात. R1 आणि R2 निगेटिव्ह बाजूला, R3 आणि R4 पॉझिटिव्ह बाजूला. R4 चं दुसरं टोक ग्राउंडला.

चारही १० किलोओहमचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म लावले. मोजल्यावर ९.९७, १०.०४, १०.०३ आणि ९.९८ निघाले. एकेकटा पाहिला तर प्रत्येक जण आपल्या टक्क्यात बसतो. पण या टप्प्याला किंमत गुणोत्तराची आहे: R2/R1 आणि R4/R3 सारखे हवेत. इथे पहिलं १.००७ आणि दुसरं ०.९९५.

```
Acm = R4/(R3+R4) * (1 + R2/R1) - R2/R1 = -0.006
```

एका व्होल्टमागे ६ मिलिव्होल्ट गळती. २.५ व्होल्टमुळे आउटपुटला कायमचे १५ मिलिव्होल्ट येतात, काट्यावर ते जवळपास ३०० ग्रॅम दिसतात. टेअर केलं की ते जातात. गुणगुण मात्र टेअरला जुमानत नाही: अर्ध्या व्होल्टचे ३ मिलिव्होल्ट, म्हणजे आकडा दोन्हीकडे ६० ग्रॅमपर्यंत नाचतो. फिल्टर लावायच्या आधी मुळावर इलाज करावा असं माझं मत.

तपासणी सोपी आहे. सेल काढून दोन्ही इनपुट एकमेकांना जोडायचे आणि ग्राउंडच्या संदर्भाने फंक्शन जनरेटरमधून २ व्होल्ट शिखराची ५० हर्ट्झची साइन द्यायची. आउटपुटला १२ मिलिव्होल्ट दिसले, हिशोबाप्रमाणेच. R4 शी सिरीजमध्ये ५०० ओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट घातला आणि फिरवला. स्कोपचा ट्रिगर इनपुटवर ठेवावा. आउटपुटची लाट लहान होत होत सपाट होते आणि पुढे उलट फेजने वाढू लागते; उलटली की समजावं, बिंदू मागे राहिला. माझा पॉट १२० ओहमच्या आसपास थांबला. इथे R4 कमी पडत होता म्हणून हे जमलं. नव्याने बनवताना R4 च्या जागी ९.७६ किलोओहम आणि ५०० ओहमचा पॉट ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो.

पॉट नको असेल तर वीसेक रेझिस्टर एकाच मल्टिमीटरने मोजून निवडा. मीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी चालेल, कारण चूक सगळ्यांना सारखीच लागते. पण शेवटचा अंक स्थिर हवा आणि रेझिस्टर बोटांनी गरम होता कामा नये.

ही जुळणी तापमानाने ढळते. दोन गुणोत्तरांत अंशामागे ५० पीपीएमचा फरक असेल, तर थंडीतली सकाळ आणि मे महिन्यातली पत्र्याखालची दुपार यांतल्या २५ अंशांत ०.१२५ टक्के चूक येते. गळती एका व्होल्टमागे ०.६ मिलिव्होल्ट, म्हणजे मूळ दोषाचा दहावा भाग परत. म्हणून शेवटी आयएनए१२८ ही तयार इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरची चिप लावली. तिचे चार रेझिस्टर एकाच चिपवर असल्यामुळे एकत्रच तापतात. तिथे G = 1 + 50k/RG, म्हणून RG ४९९ ओहम घेतला. त्याची चूक फक्त गेनमध्ये दिसते.

तरीही एकदा गुणगुण परत आली, पूर्वीपेक्षाही जास्त. आउटपुट वर उचलण्यासाठी REF पिनला १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर दिला होता. REF म्हणजे चिपमधल्या R4 चं ग्राउंडकडचं टोक. डिव्हायडरचे दोन रेझिस्टर तिथून समांतर दिसतात, आणि ते ५ किलोओहम थेट R4 शी सिरीजमध्ये जाऊन चिपमधली सगळी जुळणी मोडतात. डिव्हायडर आणि पिन यांच्यामध्ये एक ऑप-अँप बफर म्हणून घातल्यावर आकडा थांबला.