पाक सुटलेली रताळी

बाजारात आपण सगळं ताजं मागतो आणि विकणाऱ्यालाही तेच ऐकायची सवय असते. त्यामुळे दिवाळीनंतर दापोलीच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागले की माझा प्रश्न ऐकून मावशींच्या कपाळाला आठ्या पडतात.

"मावशी, थोडी जुनी आहेत का? दोन-तीन आठवडे झालेली?"

"अगो बाय, कालच काढलीत. ही बघ, माती पण ओली हाय अजून."

"म्हणूनच विचारलं. जुनी असली तर द्या."

शेवटी त्या मागच्या पोत्यातून किंचित सुरकुतलेली, मऊ पडायला आलेली नव्हेत पण तुकतुकीही गेलेली अशी रताळी काढतात आणि वर दोन फुकट टाकतात. बहुधा माझी कीव येऊन. मी ती आनंदाने घेते, कारण ओव्हनमध्ये अख्खी भाजल्यावर ज्यांच्या सालीच्या भेगांतून काळसर पाक ओघळतो ती रताळी बहुतेक वेळा अशीच असतात. कालच काढलेलं रताळं कितीही भाजा, ते पिठूळच राहतं. दुधाबरोबर खायला छान, पण पाक नाही.

नुकत्याच काढलेल्या रताळ्यात पीठ, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो आणि साखर बेताची. नुसतं ठेवलं तरी त्यातला थोडा स्टार्च हळूहळू साखरेत उतरतो. मोठ्या प्रमाणावर साठवणारे लोक हे शिस्तीत करतात. काढणीनंतर चार ते सात दिवस साधारण ३० अंश सेल्सिअस आणि ८५ ते ९० टक्के दमट हवेत रताळी ठेवतात. कुदळीने झालेल्या जखमा त्या काळात भरून येतात, साल घट्ट होते. मग १३ ते १५ अंशांच्या गारव्यात ती काही महिने राहतात.

यातला पहिला अर्धा भाग किनाऱ्यावर आपल्याला फुकट मिळतो. कार्तिकातली हर्णै-मुरुडकडची हवा आठवा: दुपारी अंगाला चिकटणारी, कपडे धड वाळू न देणारी. रताळ्याला नेमकी तीच हवी असते. दुसऱ्या अर्ध्याची मात्र बोंब. तो गारवा आपल्याकडे नाही, म्हणून महिन्याभराने रताळ्यांना कोंब फुटतात, नाहीतर सोंडेकिडा लागतो. म्हणून मी ती न धुता पडवीत गोणपाटावर पसरते आणि दोन-तीन आठवड्यांत संपवते. गारवाच हवा म्हणून फ्रिजमध्ये ठेवाल तर पस्तावाल. १० अंशांच्या खाली कच्च्या रताळ्याला थंडी बाधते आणि मग तासभर भाजूनही मधला गाभा कडकच राहतो. सुरी घातली तरी टणक लागतो, दाताखालीही तसाच. त्याला नंतर इलाज नाही.

पण जुनं रताळं ही नुसती पूर्वतयारी झाली. खरा पाक ओव्हनमध्येच तयार होतो, आणि तोही अगदी थोड्या वेळात.

रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं. स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकापासून ते दोन-दोन कड्या तोडत जातं, आणि अशा दोन कड्यांची साखर म्हणजे माल्टोज. कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळजवळ नसतंच. भाजलेल्यात ते भरपूर सापडतं. अडचण अशी की कच्चा स्टार्च दाण्यांत घट्ट बांधलेला असतो, विकराचा त्यात शिरकाव होत नाही. साधारण ६५ अंशांपासून पुढे हे दाणे पाणी पिऊन फुगतात, सैल होतात आणि काम सुरू होतं. पण ८० अंशांच्या आसपास विकर स्वतःच निकामी होतं. म्हणजे गोडी वाढायला मिळते ती या दोन आकड्यांमधल्या फटीत. रताळ्याचा गाभा त्या फटीत जितका रेंगाळेल तितका पाक. पुढे १०० अंशांपर्यंत नेलं तर रताळं मऊ होईल, पाणी उडून पाक दाटही होईल, पण नवी साखर तयार होणार नाही.

म्हणूनच मायक्रोवेव्हमधलं रताळं फिकं लागतं. ती फट ते एका उडीत ओलांडून जातं. कुकरमध्येही घाईच असते, शिवाय तिथे पाणी उडून जायला वाव नाही, त्यामुळे जी साखर झाली तीही पातळच राहते. उपासाच्या किसासाठी वगैरे कुकर ठीक आहे.

आता ओव्हनचं तापमान. रताळ्याचा गाभा ७० अंशांवर आहे असं धरा. ओव्हन २२० वर असेल तर बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक १५० अंशांचा. ओव्हन १५० वर असेल तर फरक ८० चा. उष्णता आत ढकलणारा जोर या फरकातून येतो. तो जवळपास निम्मा झाला, की गाभा त्या फटीतून जायला साधारण दुप्पट वेळ घेतो. २२० वर भाजलेलं रताळं कच्चं राहतं असं नाही, पाऊण तासात छान मऊ होतं. पण एकाच ढिगातली, एकाच वजनाची दोन रताळी घेऊन एक असं आणि एक तसं भाजून पाहा. चवीतला फरक कळायला कोणा जाणकाराची गरज लागत नाही. मग १०० वरच का ठेवू नये, असं कोणी विचारेल. ठेवता येईल, पण गाभा शिजेपर्यंत बाहेरचा भाग चामड्यासारखा वाळतो, आणि विजेचं बिल येतं ते वेगळंच.

माझी रीत अशी. २०० ते २५० ग्रॅमची, मधोमध पाचेक सेंटिमीटर जाडीची, सगळी सारख्या जाडीची रताळी निवडायची. हा सारखेपणा वजनापेक्षा महत्त्वाचा, कारण जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीच्या कितीतरी पुढे जातो. माती धुऊन कोरडी पुसायची. तेल लावायचं नाही. फॉइलमध्येही गुंडाळायचं नाही. त्यात वाफ कोंडते, साल ओलसर होते आणि पाक दाट होत नाही. कबाबाच्या सळईने एकदाच टोचायचं. काट्याने चाळण करून ठेवणाऱ्यांचा अर्धा पाक ट्रेमध्ये जळतो. रताळी मधल्या जाळीवर, खाली बटर पेपर घातलेला ट्रे. ओव्हन आधी तापवायचा नाही, थंडच असताना रताळी आत ठेवून वरच्या-खालच्या दोन्ही दांड्या चालू करून १५० वर लावायचा. सव्वा तासाने सळई घालून पाहायची. ती लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. मध्ये कुठे अडली तर अजून दहा-पंधरा मिनिटं. मग ओव्हन २०० वर न्यायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं तसाच चालू द्यायचा. साखर करण्याचं काम झालेलंच असतं. ही शेवटची आच पाणी उडवायला आणि सालीखालचा पाक खरपूस करायला. बंद केल्यावर पंधरा मिनिटं रताळी आतच राहू द्यायची.

घरातल्या छोट्या ओव्हनच्या आकड्यांवर मात्र फार विश्वास टाकू नका. बटण १५० वर असताना आत १७० असू शकतं. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन-थर्मामीटर मिळतो, तो एकदा ठेवून बघितला की आपल्या ओव्हनची खोड कळते.

झालं की नाही ते रताळं स्वतःच सांगतं. सुरुवातीला मातकट वास येतो, तासाभराने उकडल्यासारखा, आणि शेवटच्या टप्प्यात गूळ कढत असल्यासारखा. साल आतल्या गरापासून सुटून सैल होते, बोटाने दाबली तर पोकळ लागते. टोकांशी तपकिरी थेंब फुगून येतात, बुडबुडे धरतात आणि काळे होऊन चिकटतात. ते थेंब दिसले की समजावं आत काम झालं. माल्टोज आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा बरंच कमी गोड असतं, म्हणून एवढा पाक असूनही ते खाताना टोचत नाही. चिकट, दाट, जिभेवर रेंगाळणारं लागतं.

एवढं सगळं करूनही एखादं रताळं कोरडंच निघतं. तो जातीचा गुण. काही जातींत विकरच कमी, काहींत स्टार्च इतका की सगळा फुटत नाही आणि त्याला प्यायला पाणी पुरत नाही. आपल्याकडची लाल सालीची, पांढऱ्या गराची रताळी बरीचशी पिठूळच वळणाची. केशरी गराची सहसा जास्त ओलसर. तिरुअनंतपुरमच्या कंद संशोधन संस्थेची 'भू सोना' ही त्या केशरी गोतातली. जपानमध्ये 'बेनी हारुका' नावाची जात या पाकासाठीच प्रसिद्ध आहे, आणि तिथे ती तापल्या दगडगोट्यांत सावकाश भाजतात. बाजारात जातीचं नाव कोणी सांगत नाही, म्हणून नव्या ढिगातलं एकच रताळं आधी भाजून पाहावं. आणि कडू लागलं तर तिथेच थांबावं. किडा लागल्यावर रताळं स्वतःच्या बचावाला कडू द्रव्यं तयार करतं, ती भाजून जात नाहीत. किडका भाग कापून उरलेलं खायचा मोहही नको.

सावकाश भाजण्याचा शोध काही ओव्हनवाल्यांचा नव्हे. रात्रीची जेवणं उरकल्यावर चुलीतल्या विझत्या निखाऱ्यांवरची राख सारून त्यात रताळी पुरायची, सकाळी काढायची, हे आमच्या आजीच्या पिढीत घरोघरी होतं. उतरत्या आचेत गाभ्याला हवा तेवढा वेळ मिळायचा. याउलट अलिबागकडच्या पोपटीतलं रताळं. मडकं उपडं घालून भोवती गवतकाटक्यांचा जाळ, अर्ध्या-पाऊण तासात खेळ खलास. मडक्यात घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास त्याला असा काही लागतो की पाकाची आठवणही येत नाही. पण पाक नसतो, हे खरं.

उरलेली रताळी, एकदा भाजलेली, फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी साल सोलून त्यांच्या घाऱ्या करते. भाजलेल्या गराच्या घाऱ्यांना गूळ निम्माच घालावा लागतो, नाहीतर तेलात पडताच बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. पीठ मात्र थोडं जास्त लागतं, आणि ते एकदम न घालता मुठीमुठीने घालावं, कारण प्रत्येक रताळ्याचा ओलावा वेगळा असतो.