आमची वाटचाल : किलोवरून एका नगावर

आमचं नट-बोल्टचं दुकान पुण्यात, रविवार पेठेच्या परिसरात आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा सगळा माल किलोवर जायचा. गिऱ्हाईक म्हणजे ग्रिलवाले, फॅब्रिकेशनवाले आणि भोसरीकडचे लहान कारखानदार. "तीन सुती, दोन इंची, पाच किलो" एवढं सांगितलं की पुडा बांधला जायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सुती पाव इंच, अडीच सुती ५/१६ आणि तीन सुती ३/८. या गिऱ्हाइकांना नट आणि बोल्ट दोन्ही आमच्याकडूनच हवे असत, त्यामुळे आटे जुळतात का हा प्रश्नच यायचा नाही.

पुढे घरोघरी सुटं येऊन जोडायचं फर्निचर आलं, गिअरच्या सायकली आल्या, आणि दुकानात वेगळंच गिऱ्हाईक दिसू लागलं. हातात एक बोल्ट, कधी नुसता नट, आणि "असाच एक द्या" एवढंच मागणं. किलोच्या धंद्यात एका नगासाठी कोण वेळ घालवणार? बहुतेक जण त्याला दारातूनच परत पाठवायचे. मी मात्र ठरवलं की आपलं दुकान या एका नगासाठीच ओळखलं गेलं पाहिजे. आज आमची बरीचशी विक्री त्यातूनच होते.

या कामात सर्वांत जास्त शिकवलं ते आठ एमएमच्या बोल्टाने. आमच्या काउंटरवर एक फळी आहे. तिच्यावर चार बोल्ट लावलेत, आणि लांबून चारही सारखेच दिसतात. व्हर्नियर लावला तरी चौघेही ७.८ ते ७.९ च्या आसपास दाखवतात. एम ८ चा बोल्ट पूर्ण ८ कधीच भरत नाही, कारण नटात फिरायला त्याला किंचित मोकळीक ठेवलेली असते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ एमएम, पण तोही तसाच थोडा कमी भरतो. म्हणून नुसती जाडी मोजून बोल्ट द्यायचा नाही, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम.

ओळख पटते ती पिचवरून, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतच्या अंतरावरून. आमच्याकडे पिच गेज आहे, पण घरी साधी पट्टीसुद्धा चालते. आट्याच्या एका कडेवर शून्य धरा आणि तिथून पुढची दहावी कड कुठे येते ते पाहा. साधा एम ८ असेल तर १२.५ एमएम भरतील, कारण त्याचा पिच १.२५ आहे. बारीक आट्यांचा एम ८ असेल तर बरोबर १०. अडीच सुती बोल्टाला इंचात १८ आटे असतील तर १४.१. आणि जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या आसाला साधारणपणे इंचात २६ आटे असतात, तिथे ९.८ भरतील.

फर्निचरला बहुतेक वेळा पहिलाच लागतो. पण अमेरिकेतून घर हलवून आलेली मंडळी टेबल घेऊन येतात तेव्हा मी आधी अडीच सुतीचा डबा काढतो. तिकडे टेबलाच्या पायांना अठरा आट्यांचा ५/१६ सर्रास वापरतात. तिथे एम ८ चा नट लावला तर दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो. लोकांना वाटतं गंज असेल, म्हणून ते पाना लावतात. तेवढ्यात आटे जातात.

दुसरा बोल्ट, बारीक आट्यांचा, हा सायकलीचा. ज्या सायकलींत क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, चौकोनी टोकाच्या आसावर बसवून बोल्टाने आवळतात, तिथे बहुधा एम ८ आणि १.० पिच असतो. एका कॉलेजच्या मुलाचा डावा क्रँक सारखा ढिला व्हायचा. मूळ बोल्ट हरवल्यावर कुणीतरी त्याला साधा एम ८ बसवून दिला होता. मी तो काढला तर टोकाचे पहिले दोन आटे चपटे झालेले आणि चकाकत होते. पुढच्या आट्यांवर काहीच खूण नव्हती. म्हणजे बोल्ट आत गेलाच नव्हता, दोन आट्यांवर जबरदस्तीने रुतून बसला होता. आवळताना हाताला घट्ट लागायचा, पण क्रँकवर दाब पडतच नव्हता.

आसाच्या तोंडाशी आटे थोडे दबले होते. तेल सोडून भोकात आटे पाडायचा १.० पिचचा टॅप हलक्या हाताने फिरवला, आणि मग नवा बोल्ट नुसत्या बोटांनी पाच-सहा फेरे आत गेला. बोटांनी इतका गेल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. नंतर क्रँकचं चौकोनी भोक तपासलं. ते झिजून गोलसर झालं असतं तर नवा बोल्टही उपयोगाचा नव्हता, क्रँकच बदलावा लागला असता. सुदैवाने ते शाबूत होतं.

ग्रेडचा खरा अर्थही इथेच कळतो. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर पहिला आकडा सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० न्यूटनला, ते कायमचं लांबायला लागतं. ४.६ मध्ये हीच मर्यादा २४० आहे. क्रँकचा बोल्ट साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर. एवढ्यात ४.६ चा बोल्ट ताणला जातो आणि क्रँक पुन्हा सैल पडतो. चमकतो म्हणून स्टेनलेस मागणारेही येतात. त्यावर ए२-७० असेल तर त्याची मर्यादा ४५० आहे, म्हणजे तो ८.८ पेक्षा मऊच. बाटलीच्या स्टँडला तो उत्तम, क्रँकला आम्ही देत नाही.

लाकडी पलंगाला मात्र ग्रेडसाठी जादा पैसे खर्च करू नका असं मी स्वतःच सांगतो. तिथे बोल्टाच्या आधी लाकूड दबतं, म्हणून वायसरकडे बघायचं. वायसरचं माप भोकावरून सांगतात. एम ८ च्या साध्या वायसरचं भोक ८.४ आणि बाहेरची गोलाई १६ एमएम असते. रुंद वायसर २४ चा असतो, आणि लाकडावर टेकणारी त्याची जागा अडीच पटींहून जास्त भरते. पलंग करकरत असेल तर आधी हा रुंद वायसर घालून बघा.

आता आम्ही फोनवरच सांगतो की बोल्टाबरोबर त्याचा नटही आणा, आणि आसाचा मामला असेल तर चाकच घेऊन या. सव्वीस आट्यांच्या आसावर १.० पिचचा नट थोडाफार चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, म्हणून त्याची खात्री आम्ही समोर लावूनच करतो. बोल्ट हरवलाच असेल तर फळीवरचे चारही बोल्ट एकामागून एक त्या भोकात बोटांनी फिरवून पाहतो. जो डगमगत नाही आणि न अडकता शेवटपर्यंत जातो, त्याचीच लांबी आणि ग्रेड बघून मग डबा उघडतो.