आरशातलं घर

थोरल्यांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, दिवसा येऊ नका. रात्री दहाला या." मी तरी दुपारी चारलाच गेले. उन्हाची तक्रार उन्हातच बघायची, असा माझा हिशोब.

ही मी आखलेली दोन भावांची जोडघरं. मधली भिंत सामायिक, धाकट्यांचं घर तिच्या पूर्वेला, थोरल्यांचं पश्चिमेला. धाकट्यांच्या घराच्या नकाशावर मी बरेच दिवस बसले होते. जिना, बाथरूम आणि कोठी मधल्या भिंतीला टेकवून झोपायच्या खोल्या बाहेरच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला काढल्या होत्या. सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली. ते घर मनासारखं जमल्यावर मी कॉम्प्युटरवरच्या नकाशाला `MIRROR` कमांड दिली आणि थोरल्यांचं घर दहा सेकंदांत तयार झालं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. उत्तरेचा बाण वरच्या दिशेला होता तसाच राहिला, त्यामुळे नकाशाकडे बघून काही चुकलंय असं वाटेचना. सूर्य मात्र आरशात उलटा झाला नव्हता. थोरल्यांच्या झोपायच्या खोल्या सरळ पश्चिमेला तोंड करून बसल्या.

मे महिना होता, बाहेर ४१ अंश. मी भिंतीचं तापमान लांबून मोजणारी पिस्तुलासारखी दिसणारी ती मशीन घेऊन गेले होते. तिचा नेम गिलाव्यावर धरायचा, चकचकीत धातूवर नाही. तिथं ती खोटं बोलते. दोन्ही घरांत मी तळमजल्याच्याच खोल्या निवडल्या. वरच्या मजल्यावर मोजलं असतं तर स्लॅबची उष्णता भिंतीच्या उष्णतेत मिसळली असती. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छप्पर खातं, आणि त्यापुढे खोलीची दिशा फारशी कामाला येत नाही.

पोचल्या पोचल्या थोरल्यांच्या पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा ५१ दाखवत होता. आतून तीच भिंत ३५. मग धाकट्यांकडे गेले. त्यांची पूर्वेची भिंत आतून ३६.५! म्हणजे ज्या घराची तक्रार नव्हती, त्याचीच भिंत जास्त तापलेली. धाकटे हसून म्हणाले, "दादाला उगाच वाटतं." मीही क्षणभर सुटले असं वाटून गेलं.

थोरले शांतपणे म्हणाले, "म्हटलं होतं ना, रात्री या."

तोवर मी खिडकीकडे वळले. चार फूट उंचीची खिडकी, वर दोन फुटांचा छज्जा. छज्जा टाकताना माझ्या डोळ्यांपुढे दक्षिणेची खिडकी असणार, कारण तिथं तो चोख काम करतो. आमच्यासारख्या, साधारण २० अंश उत्तर अक्षांशावरच्या ठिकाणी मेमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीला तो शिवतही नाही. पण चार वाजता तो क्षितिजापासून ३४ अंशांवर येतो आणि पश्चिमेच्या खिडकीत थेट डोकावतो. मी पट्टी लावून मोजलं, तर छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम सव्वा फूट उतरली होती. पाचला परत मोजली, तर ती पाऊण फुटावर आली. सूर्य खाली येतो तसा छज्जा निकामी होत जातो. चार वाजता पूर्ण खिडकी झाकायला जवळजवळ सहा फुटांचा छज्जा लागला असता, आणि साडेपाचला तोही पुरला नसता. वहिनींनी आतून जाड पडदा लावला होता. पण ऊन काचेतून आत आलेलं, पडदा तापलेला, आणि पडद्याची ती धग खोलीतच. हात मागे घेतला एवढा तो गरम होता.

मग आम्ही नुसते बसून राहिलो. दर तासाला मी उठून दोन्ही भिंती मोजत होते. सातला दोन्ही ३६.५च्या आसपास. आठनंतर वाटा फुटल्या. धाकट्यांची भिंत उतरायला लागली, थोरल्यांची चढतच राहिली. साडेदहाला धाकट्यांकडे ३४.५ आणि थोरल्यांकडे ३९. बाहेर अंगणात तोवर बरं वाटत होतं, आणि आत पलंगाच्या उशाची भिंत उबेच्या शेगडीसारखी. मी तळहात टेकवून ठेवला, तर भिंत आजारी माणसाच्या कपाळासारखी लागली.

नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता पलीकडे पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. हे मला कॉलेजपासून पाठ होतं, पण ते माझ्या नकाशात कधी उतरलं नव्हतं. धाकट्यांच्या भिंतीवर सकाळी आठ-नऊचं ऊन पडतं, ते दुपारी तीन-चारला आत निघतं. तेव्हा त्या खोलीत कोणी नसतं. थोरल्यांच्या भिंतीवर चारचं ऊन पडतं, ते नेमकं माणूस पाठ टेकतो तेव्हा आत निघतं. दुपारी घरी असणाऱ्याला पश्चिमेची भिंत चांगली वाटेल, कारण तिचं कर्ज रात्री वसूल होतं. खिडकी मात्र उधारी ठेवत नाही, ती लगेच देते.

चूक माझी, हे मी तिथंच कबूल केलं. बांधलेलं घर परत उलटं करता येत नव्हतं. जिना आणि बाथरूम ही माणूस जिथं मिनिटं घालवतो ती ठिकाणं. तीच पश्चिमेला ढाल म्हणून उभी करायला हवी होती, पण ती आता मधल्या भिंतीला अडकलेली. त्याच रात्री आम्ही पलंग उचलून ईशान्येच्या अभ्यासिकेत नेला आणि अभ्यासाचं टेबल पश्चिमेला आणलं. पश्चिमेची खोली सकाळी आणि दुपारपर्यंत छान वापरता येते. मुलांची खोली हलवायला मात्र जागाच नव्हती.

तिच्यासाठी पुढच्या काही महिन्यांत बाहेरून काम केलं. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लोखंडी जाळीचा सांगाडा उभारला आणि त्यावर वेल चढवला. अंतर हवंच, वेल थेट गिलाव्यावर चढला तर हवा खेळत नाही आणि ओल धरते ती वेगळी. खिडकीला बाहेरून लाकडी झडपा लावल्या, दुपारी दोनला बंद, सूर्य बुडाल्यावर सताड उघड्या. खिडकीच बुजवून टाकू, असं थोरले म्हणत होते. मी अडवलं. संध्याकाळचा वारा तिथं पश्चिमेकडून येतो, आणि तापलेली भिंत रात्री निववायला तोच एक उपाय आहे. उत्तरेच्या भिंतीत एक नवी खिडकी काढली. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून तिच्या पश्चिम बाजूला एक उभी पाखही दिली. ती नसती तर संध्याकाळी सहाचं ऊन तिथूनही तिरकं आत आलं असतं.

पुढच्या मेमध्ये मी सांगितल्याप्रमाणे रात्रीच गेले. वेल अजून भिंतीच्या दोन तृतीयांश भागावरच पोचला होता. साडेदहाला मुलांच्या खोलीत वेलाखालचा भाग ३६ आणि वरचा उघडा पट्टा ३८.५. एकाच भिंतीवर, हातभर अंतरात. धाकट्यांकडची भिंत, पूर्वीसारखीच, ३४.५.