तुम्ही विचारलंत म्हणून: परिपत्रक कुणाला बांधतं?

"वकीलसाहेब, कायद्याचा अर्थ कर खात्यानेच परिपत्रकात लिहून दिलाय. मग कोर्ट वेगळं काय सांगणार?"

सांगू शकतं, आणि अनेकदा सांगतं. अंबड-सातपूरचे कारखानदार परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवतात, तेव्हा मी आधी एवढंच बघतो की ते त्यांच्या बाजूचं आहे की विरुद्ध. आपल्याकडे परिपत्रक खात्याच्या अधिकाऱ्याला बांधतं. तुम्हाला बांधत नाही आणि कोर्टालाही नाही. बाजूचं असेल तर अधिकाऱ्याला ते पाळावं लागतं. विरुद्ध असेल तर तो फक्त खात्याचा समज आहे, आणि अपिलात कायद्याचा मजकूर पुढे ठेवून तुम्ही त्याच्याशी भांडू शकता.

के. पी. वर्गीस यांचा 1981चा निकाल मी याच कारणासाठी वारंवार सांगतो. त्यांनी 1958 मध्ये 16,500 रुपयांना घर घेतलं आणि 1965 मध्ये तेवढ्याच किमतीला सुनेला आणि आपल्या पाच मुलांना विकलं. आयकर अधिकाऱ्याने बाजारभाव 65,000 धरला आणि मधल्या फरकावर भांडवली नफा काढला. वर्गीस यांनी लपवून जास्त पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता, तसा आरोपही नव्हता. पण कलम 52(2) अक्षरशः वाचलं तर अधिकाऱ्याचं बरोबर होतं: बाजारभाव जाहीर किमतीपेक्षा 15 टक्के किंवा त्याहून जास्त असला, की बाजारभावच विक्रीची किंमत धरायची.

सर्वोच्च न्यायालयाने तसं वाचायला नकार दिला. हातात न आलेल्या पैशावर कर लावायचा, असा अर्थ संसदेच्या मनात नसावा, म्हणून किंमत कमी दाखवली असेल तरच हे कलम लागतं आणि ते सिद्ध करायची जबाबदारी खात्याची, असं त्यांनी ठरवलं. या वाचनाला आधार म्हणून त्यांनी प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रकंही घेतली. त्यातलं एक 7 जुलै 1964चं, म्हणजे कलम आलं त्याच वर्षीचं, आणि प्रामाणिक व्यवहारांना हे कलम लागू नाही असं सांगणारं. परिपत्रकाला इथे दोन वेगळी वजनं मिळाली. एक, ते खात्यावर बंधनकारक होतं. दुसरं, कायदा नवा असताना तो राबवणाऱ्यांनी लावलेला अर्थ म्हणून त्याला मान होता. पण कलमाचा अर्थ ठरवला न्यायालयानेच.

मर्यादा कुठे येते, हे अबकारीच्या एका वादात दिसलं. योग्य दराने शुल्क आधीच भरलेल्या कच्च्या मालापासून बनवलेल्या वस्तूला सूट होती. ज्या कच्च्या मालावर शुल्क शून्यच आहे, तो "शुल्क भरलेला" धरायचा का? धीरेन केमिकलच्या निकालात पाच न्यायमूर्तींनी नाही म्हटलं, पण पुढे जोडलं की आमचा अर्थ काही असो, मंडळाच्या परिपत्रकात वेगळा अर्थ असेल तर खात्याला तोच पाळावा लागेल. त्यामुळे न्यायालयाने ठरवलेला अर्थ एक आणि कारखान्यात लागू होणारा दुसरा, अशी परिस्थिती झाली. 2008 मध्ये रतन मेल्टिंगच्या निकालात घटनापीठाने हे दार बंद केलं. परिपत्रक म्हणजे सरकारचा कायद्याबद्दलचा समज, न्यायालयाचा निकाल आला की त्याविरुद्धचं परिपत्रक टिकत नाही, आणि कायद्याच्या मजकुराविरुद्धच्या परिपत्रकाला तर मुळात अस्तित्वच नाही. म्हणून बाजूचं परिपत्रक हातात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. त्याच्या तारखेनंतर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आहे का, हे आधी बघायला हवं.

अमेरिकेत मात्र चाळीस वर्षं वेगळा नियम होता. 1984च्या शेव्हरॉन निकालानुसार कायदा एखाद्या मुद्द्यावर गप्प किंवा संदिग्ध असेल, तर सरकारी यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी असला की न्यायालयाने तो स्वीकारायचा, स्वतःला दुसरा अर्थ जास्त बरोबर वाटला तरी. तो नियम मोडला हेरिंग मासे पकडणाऱ्यांच्या खटल्यात. बोटीवर सरकारी निरीक्षक बसवता येतो, हे मासेमारीच्या कायद्यात स्पष्ट होतं. त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे तीन प्रकारच्या मासेमारीसाठी लिहिलेलं होतं आणि अटलांटिकच्या हेरिंगचा त्यात उल्लेख नव्हता. यंत्रणेने 2020 मध्ये नियम केला की खर्च बोटवाल्यांनी द्यावा, आणि तिच्याच अंदाजाने तो दिवसाला 710 डॉलरपर्यंत जात होता. खालच्या न्यायालयांनी शेव्हरॉनच्या आधारे नियम उचलून धरला. जून 2024 मध्ये लोपर ब्राइटच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनच रद्द केला: 1946चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा सांगतो की कायद्याचे प्रश्न न्यायालयाने सोडवायचे, संदिग्धता म्हणजे यंत्रणेला दिलेली परवानगी नव्हे. यंत्रणेचं मत वाचायचं, अनुभव आणि सातत्य बघून त्याला वजन द्यायचं, निर्णय मात्र स्वतः घ्यायचा. म्हणजे अमेरिका बऱ्याच अंशी आपल्या जागेवर आली. ऑस्ट्रेलियाने शेव्हरॉनची वाट 2000 मध्येच नाकारली होती.

कॅनडाची वाट मला सगळ्यात विचार करण्याजोगी वाटते. तिथे आजही न्यायालय यंत्रणेच्या अर्थाला मान देऊन सुरुवात करतं, पण त्या बदल्यात कारणं मागतं. अलेक्झांडर वाविलोव यांचा जन्म 1994 मध्ये टोरांटोत झाला. आईवडील कॅनेडियन नावांनी राहणारे रशियन हेर निघाले. कॅनडात जन्मलेल्याला नागरिकत्व मिळतं, अपवाद परकी सरकारच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या किंवा "इतर प्रतिनिधी वा कर्मचाऱ्यांच्या" मुलांचा. हेर म्हणजे परकी सरकारचा कर्मचारीच, असं म्हणून निबंधकांनी 2014 मध्ये त्यांचं नागरिकत्व रद्द केलं. नुसतं ते वाक्य वाचलं तर पटतंही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा अर्थ आधी न मांडता निबंधकांनी दिलेली कारणं तपासली. त्याच कलमातल्या शेजारच्या वाक्यांवरून हा अपवाद राजनैतिक विशेषाधिकार असलेल्यांपुरताच असल्याचं दिसत होतं, आणि हेरांना ते विशेषाधिकार नव्हते. त्या मजकुराची दखल निबंधकांनी घेतलीच नव्हती. एवढ्या गंभीर परिणामाच्या निर्णयाला हे समर्थन पुरेसं नाही, असं ठरलं आणि वाविलोव नागरिक राहिले.

मला आपल्याकडे ही कसोटी हवी आहे. अंतिम शब्द न्यायालयाचाच राहावा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपली कित्येक परिपत्रकं "याद्वारे स्पष्ट करण्यात येते की" म्हणून थेट निष्कर्ष देतात. विरुद्ध जाणारं कलम किंवा आधीचा निकाल दिसला का, दिसला तर का बाजूला ठेवला, याबद्दल एक ओळ नसते. नाशिकचा लहान कारखानदार त्यावर विसंबून पाच वर्षं बिलं करतो, आणि तो अर्थ टिकणार की नाही हे त्याला मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर कळतं. कारणं लिहिलेली असती तर कच्चा दुवा त्याच्या कर सल्लागाराला इथेच, पहिल्या वर्षी दिसला असता.

तेव्हा परिपत्रक घेऊन येताना सोबत मूळ कलम आणा. परिपत्रक कलमाचा कुठला शब्द धरून बोलतंय ते खूण करून ठेवा. कलम आल्यावर लगेच निघालेलं असेल आणि खात्याने आजवर तसंच पाळलं असेल, तर कोर्टात त्याला वजन असतं. दहा वर्षांनी, वाद पेटल्यावर आणि खात्याच्या सोयीने निघालेलं असेल, तर विरुद्ध युक्तिवाद करायला भरपूर जागा असते.