लाल सायकलपट्टा आणि तीनदा परत आलेला अर्ज

तीनदा अर्ज परत आला आणि तिन्ही वेळा कारण एकच दिलं होतं: "पुरावा अपुरा". कोणता पुरावा, कशासाठी अपुरा, यावर एक ओळसुद्धा नाही. रस्त्यांच्या फोटोंची सूची करणाऱ्या एका संग्रहाचं हे काम. प्रत्येक फोटोचा देश लिहायचा आणि 'पुरावा' या रकान्यात फोटोत दिसणारी गोष्ट नोंदवायची. अर्ज परत आला की पुन्हा रांगेत, आणि पुढचे जवळजवळ दोन आठवडे नुसती वाट. बाकीचे फोटो सहज गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडकला तो हा एक.

फोटोत ओला रस्ता आहे, दोन्ही बाजूंना विटांची घरं, उजवीकडून चालणारी वाहतूक आणि सायकलींची दाटी. पुढे लाकडी पेटी लावलेली एक लांब मालवाहू सायकल, तिच्या पेटीत दोन मुलं. रस्त्याच्या कडेला लाल सायकलपट्टा. पाट्या वाचता येत नाहीत आणि मोटारींच्या नंबरप्लेटा सायकलींच्या आड गेलेल्या.

पहिल्या अर्जात मी लिहिलं: नेदरलँड्स, लाल पट्टा, पेटीची सायकल. असं कुणीही लिहील, आणि चूक नेमकी तिथेच होते. नेदरलँड्समध्ये सायकलमार्गाला लाल डांबर वापरण्याची पद्धत खरोखरच सर्वदूर आहे. पण बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातही लाल विटा, लाल काँक्रीट किंवा लाल रंग दिलेले पट्टे भरपूर आहेत. उत्तर जर्मनीत फुटपाथवरच लालसर फरशांचा सायकलमार्ग असतो. त्यामुळे लाल रंग दिसला तर एवढंच कळतं की यादी तीन-चार देशांवर आली.

दुसऱ्या अर्जात मी डेन्मार्क बाद केल्याचं सविस्तर लिहिलं. हे काम खरं तर सोपं आहे. कोपनहेगनचा सायकलमार्ग साध्या करड्या डांबराचा असतो, रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेरी, आणि त्याला दोन पायऱ्या असतात: मोटारींच्या रस्त्यापासून एक कर्ब वर सायकलमार्ग, त्याहून एक कर्ब वर फुटपाथ. फोटोत कडेला अशी दुहेरी पायरी दिसली आणि काही चौकांत सायकलमार्ग ओलांडताना निळा रंग दिसला, तर डेन्मार्क धरायला हरकत नाही. तिथले सायकलस्वार थांबण्यापूर्वी एक हात वर करतात. डावीकडे वळायचं असेल तर चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबतात आणि मग वळतात, कारण तिथला नियमच तसा आहे. कोपऱ्यावर तिरके उभे राहिलेले दोन-तीन सायकलस्वार दिसले की हे आठवावं.

मालवाहू सायकलींतही फरक आहे. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वसाहतीतून आलेली तीनचाकी पुढे दोन चाकांवर पेटी घेऊन चालते. हँडल म्हणजे पेटीच्या मागच्या कडेला लावलेला आडवा दांडा, आणि वळताना सगळी पेटीच वळते. डचांची नेहमीची 'बाकफिट्स' दोनचाकी आणि लांब असते. पेटी हँडलच्या पुढे खाली बसवलेली, तिच्या पुढे लहान चाक, आणि हँडलपासून त्या चाकापर्यंत पेटीखालून जाणारा लांब दांडा. माझ्या फोटोतली हीच, दोनचाकी. मी लिहिलं: डेन्मार्क नाही, म्हणून नेदरलँड्स. अर्ज परत आला.

तिसऱ्या अर्जात मी सायकलींचा तपशील भरला. मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कड्याचं कुलूप, पूर्ण झाकलेलं चेनकव्हर, ताठ बसायला लावणारं उंच हँडल. सगळं अचूक, आणि सगळं निरुपयोगी. सायकली विकल्या जातात, सरहद्दीपलीकडे नेल्या जातात, भाड्याने मिळतात. डेल्फ्टमध्ये 2014 मध्ये सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींचं निळं पुढचं टायर बघून कितीतरी जण आजही थेट नेदरलँड्स लिहितात, पण त्या सायकली केव्हाच शेजारच्या देशांत पोचल्या आहेत. पेटीच्या सायकलींचंही तेच. जी वस्तू चाकावर चालते, तिच्यावर एकट्यावर देश ठरवू नये. मला हे तिसरा अर्ज परत आल्यावर कळलं, आणि "सायकलीचा प्रकार पुरावा म्हणून चालत नाही" एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता. याचा राग अजून आहे.

मग मी सायकली सोडल्या आणि जमिनीकडे पाहिलं. रस्त्यावर रंगवलेल्या रेघा त्या देशाच्या वाहतूक नियमांत सांगितलेल्या असतात आणि नगरपालिका त्या हव्या तशा बदलू शकत नाही.

नेदरलँड्स आणि फ्लँडर्स यांच्यातला सगळा निकाल एका प्रश्नावर लागतो: पट्ट्याला तुटक रेघ किती ठिकाणी आहे? नेदरलँड्समध्ये रस्त्यावरच आखलेल्या सायकलपट्ट्याला मोटारींच्या बाजूला एक रेघ असते, तुटक किंवा सलग, आणि मधेमधे पांढऱ्या सायकलीचं चित्र. दुसऱ्या बाजूला बहुधा कर्बच असतो, तिथे वेगळी रेघ काढायची गरज राहत नाही. सायकलीचं चित्र नसेल तर तो डच कायद्याने सायकलपट्टा नसतोच, मोटारचालकाला केलेली निव्वळ सूचना असते. बेल्जियममध्ये मात्र रस्त्यावर आखलेला सायकलमार्ग दोन समांतर, तुटक, पांढऱ्या रेघांनीच ठरतो. म्हणजे मोटारींच्या बाजूला एक आणि कर्बच्या किंवा उभ्या गाड्यांच्या बाजूला दुसरी. रंग लाल असो वा नसो, त्या दोन रेघा असल्या की तो सायकलमार्ग.

मी फोटो मोठा करून कर्बजवळचा भाग पाहिला. पाणी साचल्यामुळे तिथे चकाकी होती, आणि चकाकीतच तुटक पांढरे तुकडे होते. आधीच्या तिन्ही वेळा मी ते पाण्यातलं प्रतिबिंब समजून सोडून दिले होते. प्रतिबिंब ओळखायची रीत अशी: रेघेचे तुकडे सारख्या लांबीचे आणि सारख्या अंतरावर असतात, आणि दूर जाताना समोरच्या रेघेबरोबर एकाच बिंदूकडे झुकतात. चकाकी मात्र पाणी जिथे साचेल तिथे, वेड्यावाकड्या आकाराची. मी फोटोच्या छापील प्रतीवर पट्टी ठेवून दोन्ही रेघा पुढे वाढवल्या. त्या एकत्र मिळत होत्या. दोन रेघा, म्हणजे बेल्जियम.

इथे दोन सापळे आहेत. पहिला चौकाचा. नेदरलँड्समध्ये सायकलमार्ग रस्ता ओलांडतो तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चौकोनांच्या रांगा काढतात, त्यामुळे फक्त चौकाचा फोटो असेल तर तिथेही दोन तुटक रेघांचा भास होतो. म्हणून रेघा नेहमी दोन चौकांच्या मधल्या सरळ भागात मोजाव्यात. दुसरा सापळा दुहेरी मार्गाचा. डच दुहेरी सायकलमार्गाच्या मधोमध एक तुटक रेघ असते. कडेची रेघ आणि ही मधली रेघ एकत्र मोजली की आकडा दोन होतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध दिशांनी सायकली जात असतील तर ती मधली रेघ, तिला मोजायचं नाही.

रेघा सापडल्यावरही एकट्या पुराव्यावर चौथा अर्ज पाठवायची हिंमत नव्हती. म्हणून दुसरी खूण शोधली. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी प्रवेशबंदीची लाल गोल पाटी होती आणि तिच्याखाली आडवी छोटी पट्टी. अक्षरं अस्पष्ट, पण पार्श्वभूमी निळी. सायकलींना सूट आहे हे सांगणारी ही पट्टी बेल्जियममध्ये निळ्यावर पांढरी असते, नेदरलँड्समध्ये पांढऱ्यावर काळी. दोन्हीकडे शब्द एकच डच शब्द असल्यामुळे तो वाचता आला असता तरी काही उपयोग नव्हता. रंगाने काम झालं.

तिसरी खूण सवयींची. मागच्या गर्दीत तीन शाळकरी मुलं होती, तिघांच्या अंगावर झळाळत्या पिवळ्या रंगाची बिनबाह्यांची जॅकेटं आणि दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. फ्लँडर्समध्ये शाळेत जाणारी मुलं अशी जॅकेटं सर्रास घालतात. डच शाळकरी मुलांच्या घोळक्यात हे क्वचित दिसतं; तिथे पोरं मोकळ्या डोक्याने, दोन-दोन जोडीने, हसतखिदळत चालतात. आपल्याकडच्यासारखं डबलसीट, म्हणजे कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली मैत्रीण, हे दृश्यही नेदरलँड्सचंच जास्त. डेन्मार्कमध्ये सायकल जितक्यांसाठी बनलेली असेल तितक्यांनीच बसायचं असा नियम आहे. पण सवय ही तिसऱ्या क्रमांकाची खूण. ती आधी लिहू नये.

चौथा अर्ज दहा दिवसांत मंजूर झाला. रकान्यात मी एवढंच लिहिलं होतं: "सरळ भागात सायकलमार्गाला दोन समांतर तुटक रेघा, सूटपट्टी निळी, शाळकरी मुलांच्या अंगावर पिवळी जॅकेटं. देश: बेल्जियम, फ्लँडर्स. शहर: नोंद नाही." शहराच्या रकान्यात अंदाज टाकायचा मोह झाला होता. टाकला नाही, आणि तेच बरोबर झालं असं मला वाटतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायची राहिली. नेदरलँड्सच्या बाजूने पक्की खूण हवी असेल तर सायकलमार्गावरच्या स्कूटर शोधा. संथ वर्गातल्या स्कूटरला तिथे छोटी निळी नंबरप्लेट असते, अक्षरं पांढरी. वेगवान मोपेडला पिवळी. निळी प्लेट पुसट दिसली तरी शेजारच्या देशाशी गोंधळ होत नाही. ती फोटोचा काळही सांगते. या निळ्या प्लेटवाल्यांना 1 जानेवारी 2023 पासून हेल्मेट सक्तीचं आहे, आणि अॅमस्टरडॅमच्या रिंगरोडच्या आत त्यांना एप्रिल 2019 पासून सायकलमार्ग सोडून मोटारींच्या रस्त्यावर जावं लागतं. म्हणजे अॅमस्टरडॅमच्या मध्यभागी सायकलमार्गावर बिनहेल्मेटचे निळ्या प्लेटवाले रांगेने दिसत असतील, तर फोटो बहुधा त्याआधीचा.

आणि वाहतूक डावीकडून चाललेली दिसली, फुटपाथवर आई पुढेमागे दोन बालआसनं लावलेल्या, पुढे टोपली असलेल्या सायकलवर निघालेली दिसली, तर युरोपच्या या सगळ्या रेघा मोजत बसू नका. तो फोटो जपानच्या खात्यात टाकून पुढच्याकडे वळा.